फीवाढीच्या तक्रारीला मुख्याध्यापिकांचं उत्तर: तुम्हाला पटतंय का?

काठावरची (धागाकर्ती)

मुलीच्या शाळेने यंदा फी १२ टक्क्यांनी वाढवली. एका पालकांनी शाळेच्या पानावर चांगलीच खरमरीत तक्रार लिहिली आणि तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्याखाली उत्तर दिलं. तेव्हापासून आम्हा पालकांमध्ये सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, इतकं स्वच्छ उत्तर कुठली शाळा देत नाही. दुसरा म्हणतो, शब्द मऊ आहेत पण पैसे तेवढेच घेतायत. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, म्हणून इथे विचारतेय. नावं काढून दोन्ही मजकूर देते.

तक्रार अशी:

"महागाई वाढते ५ टक्के आणि तुम्ही फी वाढवता १२ टक्के. वरचे ७ टक्के कोणाच्या खिशात जातात? पुढच्या वर्षाचा प्रवेश नक्की करायला पैसे भरून घेतलेत आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी नोटीस काढलीत. आता पालक जाणार कुठे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. कार्यालयात हप्ते मागितले तर 'सगळ्यांनाच हवे असतात' असं ऐकवण्यात आलं. शाळा चालवताय की दुकान?"

आणि हे उत्तर:

"नमस्कार. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत, त्यांची उत्तरं त्याच क्रमाने देते.

वाढ १२ टक्के आहे, हे बरोबर. शाळेचा खर्च १०० धरला तर त्यातले ६८ पगारावर जातात. येत्या वर्षी पगार ७ टक्क्यांनी आणि बाकीचा खर्च ५ टक्क्यांनी वाढेल असा आमचा अंदाज आहे. शिवाय पट ४२० वरून ४०० वर आला आहे. तुकड्या मात्र २० होत्या, त्या २०च आहेत. त्यामुळे एका विद्यार्थ्यामागचा खर्च महागाईपेक्षा जास्त वाढला आहे. जमाखर्चाचा एक पानी तक्ता कार्यालयात ठेवला आहे. येत्या शनिवारी सकाळी १० ते १२ मी आणि हिशेबनीस तिथे बसणार आहोत. कोणीही पालक येऊ शकतात.

नोटीस प्रवेश निश्चितीनंतर निघाली, हेही खरं आहे. व्यवस्थापन समितीची बैठक उशिरा झाली. पुढच्या वर्षापासून फीचा आकडा निश्चितीच्या अर्जावरच छापलेला असेल. यंदा या वाढीमुळे कोणाला प्रवेश रद्द करायचा असेल तर महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यावा, भरलेली रक्कम पूर्ण परत मिळेल.

तीन हप्त्यांची सोय सर्वांना आहे. त्यासाठी कारण विचारलं जाणार नाही. तुमच्या घरच्या व्यवहाराबद्दल इथे जाहीरपणे लिहिणं योग्य नाही. कार्यालयात झालेल्या बोलण्याबद्दल मी स्वतः तुम्हाला उद्या फोन करते."

एवढंच. आता बोला.

---

रोखठोक

गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. बाईंचेच आकडे घ्या. ६८ वर ७ टक्के म्हणजे ४.७६. उरलेल्या ३२ वर ५ टक्के म्हणजे १.६. बेरीज ६.३६. म्हणजे खर्च वाढला साडेसहा टक्क्यांच्या आत आणि फी वाढली १२. वरचे साडेपाच कुठे गेले? तक्रार करणाऱ्याचा आकडा जरासा चुकला असेल, प्रश्न चुकलेला नाही. 'पट कमी झाला' हे वाक्य मध्ये घुसवलंय ते लोकांनी गणित करू नये म्हणून.

---

पायरी_पायरीने

इतक्या शांत उत्तराबद्दल बाईंचं कौतुक. 'दुकान' या शब्दाला त्यांनी हातही लावलेला नाही, हे पाहिलंत का?

---

जमाखर्च

रोखठोक, बेरीज बरोबर केलीत, भागाकार राहिला. मी शाळांचेच हिशेब लिहितो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागच्या वर्षी १०० रुपये खर्च होता असं धरू. तो ४२० मुलांनी मिळून भरला. यंदा खर्च झाला १०६.३६, तो तुम्ही काढलाच आहे. पण आता भरणारे ४०० आहेत. ४२० ला ४०० ने भागा, १.०५ येतात. १०६.३६ गुणिले १.०५, म्हणजे १११.६८. एका मुलामागे वाढ झाली ११.७ टक्के, ती १२ केली. तुमचे 'कुठे गेले' ते साडेपाच टक्के त्या सोडून गेलेल्या २० मुलांच्या रिकाम्या जागांमध्ये आहेत.

यावर पालक नेहमी विचारतात, की मुलं कमी झाली तर खर्चही कमी व्हायला हवा. तो होत नाही, कारण २० मुलं एका वर्गातून जात नाहीत. पहिली ते दहावी, दोन-दोन तुकड्या, म्हणजे दर तुकडीतून एक मूल गेलं. २१ च्या वर्गात २० बसले. बाई तीच, तासिका तेवढ्याच, पंखे तेवढेच. वाचले काय, तर थोडे प्रश्नपत्रिकांचे कागद आणि प्रयोगशाळेतलं किरकोळ साहित्य. तीच २० मुलं एकाच इयत्तेतून गेली असती तर एक तुकडी बंद करता आली असती आणि मग पट घसरण्याचा एवढा फटका बसला नसता.

त्यामुळे आकडा खोटा नाही. पण उत्तर पुरं आहे असंही मी म्हणणार नाही. मागचं वर्ष तुटीत गेलं, शिलकीत गेलं की बरोबरीत, याबद्दल बाईंनी एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि ते ३२ म्हणजे नक्की काय काय, हेही नाही. शनिवारी गेलात तर पगाराच्या रकान्यात वेळ घालवू नका, तो पडताळायला सोपा असतो आणि त्यात सहसा काही सापडत नाही. 'देखभाल' आणि 'इतर' हे दोन रकाने बघा.

---

दोन_मुलांचा_बाप

आमच्याकडेही हेच. गाडीभाडं एकदम वाढवलं आणि म्हणे इंधन महागलं. इंधन स्वस्त झालं तेव्हा का नाही कमी केलं? मी लेखी विचारलं, अजून उत्तर नाही.

---

काठावरची

@दोन_मुलांचा_बाप, इथे गाडीभाड्याचा विषय नाहीये हो, ते आमच्याकडे वेगळं घेतात आणि यंदा वाढलेलं नाही. शिकवण्याच्या फीबद्दलच बोलतोय.

@जमाखर्च, शनिवारी जाणार आहे. दोन्ही रकाने लिहून घेतले.

---

दोन_मुलांचा_बाप

ठीक. पण प्रवृत्ती तीच.

---

खडूची_पूड

मी बरीच वर्षं मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. आकड्यांवर जमाखर्च बोलले आहेत, मी उत्तराच्या बांधणीवर बोलतो, कारण अशी उत्तरं मी लिहिली आहेत आणि इतरांची तपासलीही आहेत.

हे उत्तर त्या एका पालकासाठी लिहिलेलं नाही. तो रागात आहे, तो लगेच मानणार नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. खरे वाचक म्हणजे काही न बोलता ते पान उघडून बघणारी उरलेली घरं. त्यांना बघायचं असतं की उद्या आपण विचारलं तर आपल्याशी कसं बोलतील. म्हणून 'दुकान' सोडून दिलं ते योग्य केलं. त्याला उत्तर दिलं असतं तर पुढचे सगळे प्रतिसाद त्या एका शब्दावर झाले असते आणि हप्त्यांची सोय कोणाच्या लक्षातही आली नसती.

बाईंनी काय लिहिलं नाही, तेही पाहा. 'इतर शाळांच्या मानाने आपली फी कमीच आहे' हे वाक्य नाही. ते लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि दहा मिनिटांत कोणीतरी कमी फीची शाळा दाखवून देतो. 'अधिक माहितीसाठी कार्यालयात संपर्क साधावा' एवढ्यावर बोळवण नाही, वार आणि वेळ दिली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या घराची मागची बाकी आहे की नाही, आधी हप्ते दिले होते की नाही, यातलं काहीही उघड केलेलं नाही. पालकाने स्वतः जाहीर लिहिलं म्हणून शाळेला त्याचा हिशेब जाहीर करायची मुभा मिळत नाही. इथे भलेभले घसरतात. 'आपण मागील वर्षीही उशिरा फी भरली होती' असं एक वाक्य गेलं की शाळा हरली, मग बाकीचं कितीही बरोबर असो.

आता खटकलेलं. 'बैठक उशिरा झाली.' का झाली, कोणामुळे झाली? हे वाक्य बाईंना वाचवतं, पण पालकाला काही सांगत नाही. दुसरं म्हणजे पूर्ण रक्कम परत देण्याचं आश्वासन. जिथे व्यवस्थापन समिती असते तिथे हा निर्णय मुख्याध्यापकाच्या हातात नसतो. समितीचा ठराव आधी झाला असेल तर उत्तम. नसेल तर महिनाअखेरीला पाच अर्ज आले आणि समिती अडून बसली, तर तोंडघशी बाई पडतील. काठावरची, तेवढं विचारून या.

---

रोखठोक

भागाकार मान्य. पण मग मूळ प्रश्न आणखी टोकदार होतो. २० मुलं गेली, त्यांचा भार राहिलेल्यांनी का उचलायचा? पट टिकवणं हे शाळेचं काम की माझं? आणि १२ टक्के वाढवल्यावर आणखी मुलं गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच भागाकार दाखवणार?

---

जमाखर्च

हा प्रश्न रास्त आहे आणि याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. धोका किती आहे ते मात्र सांगता येतं. ४०० मुलं राहिली तर १२ टक्के वाढीने १०६.६७ जमा होतात, म्हणजे खर्च जेमतेम भागतो. या वाढीला कंटाळून आणखी १२ मुलं गेली, तर जमा होतात १०३.४७. खर्च तेवढाच, म्हणजे जवळजवळ ३ ची तूट. फी वाढवून तूट भरायला निघालेल्या शाळेला त्या वाढीनेच नवी तूट येते. हे मी होताना पाहिलेलं आहे, आणि दुसऱ्या वर्षी त्या शाळेला तुकड्या एकत्र कराव्या लागल्या.

म्हणून काही शाळा निम्मा भार राखीव निधीतून उचलतात आणि वाढ दोन वर्षांत विभागतात. पण त्याला राखीव निधी असावा लागतो आणि दोन वर्षांत पट सावरेल असा काही आधार लागतो. नुसती आशा असेल तर ती तूट पुढे ढकलणं झालं.

---

उंबरठा

सगळे आकड्यांवर बोलताय म्हणून माझं थोडं वेगळं लिहिते. मधे आमच्या घरी पगार थांबला होता तेव्हा मी मुलाच्या शाळेत हप्ते मागायला गेले. खिडकीतून एक अर्ज मिळाला, त्यात 'कारण' असा मोठा रकाना आणि खाली 'उत्पन्नाचा पुरावा जोडावा'. मागे रांगेत मुलाच्या वर्गातल्याच मुलीची आई उभी. खिडकीतल्या बाईंनी मोठ्याने विचारलं, 'नोकरी गेली का?' मी अर्ज न भरता घरी आले आणि दागिना गहाण ठेवून एकरकमी फी भरली.

त्यामुळे तुमच्या मुख्याध्यापिकांच्या उत्तरात मला सगळ्यात मोलाची वाटली ती 'कारण विचारलं जाणार नाही' ही ओळ. १२ चे १० झाले असते तरी मला त्या वेळी तेवढा उपयोग झाला नसता. फक्त खिडकीतल्या माणसापर्यंत ही ओळ पोचली आहे का, ते बघा. पानावर लिहिणारी वेगळी आणि खिडकीत बसणारी वेगळी असते.

---

खडूची_पूड

@उंबरठा, अगदी. आणि सोय सर्वांना जाहीर केली हेही मुद्दाम केलेलं दिसतं. एकट्या तक्रारदाराला जाहीर सवलत दिली असती तर दुसऱ्या दिवसापासून लोकांनी आरडाओरडा हाच अर्जाचा नमुना धरला असता.

---

रोखठोक

तीन हप्ते म्हणजे सवलत नव्हे. तेवढेच पैसे तीनदा.

---

काठावरची

जाऊन आले. लिहायला उशीर झाला, माफ करा.

सोळा-सतरा पालक होते. तक्ता खरोखरच एका पानाचा होता आणि फोटो काढू दिला. खडूची_पूड, रक्कम परतीचा ठराव झालेला आहे, बाईंनी वहीच उघडून दाखवली. बैठक का लांबली, यावर मात्र 'दोन सदस्य उपलब्ध नव्हते' एवढंच उत्तर मिळालं. मागचं वर्ष जवळजवळ बरोबरीत गेलं. उंबरठा, खिडकीवर कागद चिकटवलाय: तीन हप्ते, तारखा, अर्जात फक्त नाव आणि तुकडी. तक्रार करणारे गृहस्थही आले होते. फोन आला होता म्हणाले, कार्यालयाच्या बोलण्याबद्दलचा राग उतरलेला दिसला, फीबद्दलचा नाही.

आता मुद्द्याचं. जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे 'देखभाल' बघितली. त्या ३२ मध्ये देखभाल आहे ५, आणि त्यातले २ गेल्या वर्षी गच्चीची गळती काढायला गेलेले आहेत. मी विचारलं, गच्ची यंदा पुन्हा करणार का? हिशेबनीस म्हणाले, नाही, पण काही ना काही निघतंच. बाईंनी त्यांना थांबवलं, माझा प्रश्न त्यांच्या वहीत लिहून घेतला आणि म्हणाल्या, 'याचं उत्तर मला आत्ता देता येणार नाही, समितीपुढे ठेवून लेखी देते.' हा प्रश्न बरोबर आहे की मी उगीच खुसपट काढलं?

---

जमाखर्च

अगदी बरोबर नस पकडलीत. एकदाच होणारा खर्च पायाभूत खर्चात धरला आणि त्यावर पुन्हा ५ टक्के चढवले, तर पुढच्या वर्षीची गरज फुगते. ते २ काढून हिशेब करू. पगाराचे ७२.७६ तसेच. बाकीचे ३२ ऐवजी ३० धरले, त्यावर ५ टक्के म्हणजे ३१.५. बेरीज १०४.२६. गुणिले १.०५, म्हणजे १०९.४७. गच्ची बाजूला काढली की १२ टक्क्यांची वाढ साडेनऊवर येते.

पण थांबा, याचा अर्थ शाळेने अडीच टक्के लाटले असा होत नाही. हिशेबनिसांचं 'काही ना काही निघतंच' हे आळशी उत्तर असलं तरी निराधार नाही. जुन्या इमारतीत यंदा गच्ची, पुढे पाण्याची टाकी, मग वायरिंग. मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकणं हे शहाणपणाचंच आहे. फक्त ती तशी दाखवावी लागते. 'इमारत दुरुस्ती निधी' असा वेगळा रकाना, त्यात यंदा किती टाकले आणि किती उरले. देखभालीत मिसळून ठेवली की वाढ योग्य असूनही पालकांना संशय येतो, आणि त्यांचं चुकत नाही.

पत्र लिहिणार असाल तर एवढंच विचारा: गच्चीचा खर्च चालू वर्षाच्या फीतून केला की राखीव निधीतून? यंदाच्या अंदाजपत्रकात त्या जागी कुठलं काम धरलं आहे? आणि काहीच धरलं नसेल तर ती रक्कम वर्षअखेरीला कुठे दिसेल? तीन प्रश्न, एक पान. खाली बऱ्याच सह्या घेऊ नका, त्याने समिती बचावात्मक होते.

---

खडूची_पूड

शेवटच्या सल्ल्याशी असहमत. सह्या घ्या. एकट्याच्या पत्राला समिती 'नोंद घेतली' म्हणते.

---

रोखठोक

म्हणजे पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो तसे पैसे जास्तच घेतले जातायत. साडेपाच नाही तर अडीच.

---

जमाखर्च

'घेतले जातायत' हे अजून ठरायचंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊ द्या.

---

काठावरची

पत्र आज दिलं, नऊ सह्या झाल्या. तक्रारदार गृहस्थांनी सही केली नाही, ते म्हणाले मला १२ चे ५ हवेत, साडेनऊच्या पत्रावर सही करणार नाही. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे असं कळलं. उत्तर आलं की इथेच टाकते.

---

दोन_मुलांचा_बाप

गाडीभाड्याचंही विचारून घ्यायचं ना पत्रात.